आकाशदर्शनाचं पत्र

मागच्या कोजागरीला आम्ही शाळेच्या मैदानावर पालकांसाठी पहिल्यांदा आकाशदर्शन ठेवलं होतं. १६ ऑक्टोबर २०२४. मसाला दूध, गाण्याच्या भेंड्या आणि शेजारी दुर्बीण. गर्दी खूप झाली आणि आकाश जवळजवळ कोणालाच दिसलं नाही. पूर्ण चंद्राच्या उजेडात ठळक तारे सोडले तर सगळं धुऊन निघालं होतं. दुर्बिणीतून चंद्र पाहिलेल्यांनी डोळे चोळत "फार चमकतो हो बाई" एवढंच सांगितलं. पौर्णिमेला चंद्रावर आपल्या बाजूने सरळ ऊन पडतं, त्यामुळे विवरांच्या सावल्या पडत नाहीत आणि सगळा चंद्र चुना लावलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कोजागरीला लोक आपोआप जमतात म्हणून मी ती तारीख स्वीकारली. पत्रात मी लिहिलेलं "तारे, ग्रह व चंद्राचे निरीक्षण" खोटं ठरलं, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून जानेवारीत मोठ्या बाईंनी "आठवी-नववीच्या पालकांना पुन्हा बोलवू या" म्हटलं, तेव्हा मी ठरवलं की या वेळी पत्रातलं प्रत्येक वाक्य आधी तपासायचं.

पहिलं वाक्य तारखेचं. अमावास्या २९ जानेवारीला होती. त्यानंतर तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंतचा चंद्र मला हवा होता. त्या दिवसांत उजेड आणि अंधार यांची सीमा चंद्राच्या मधोमध सरकत असते, त्या सीमेवर सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात. शिवाय एवढ्या चंद्राने तारे फारसे पुसले जात नाहीत. मी शनिवार, १ फेब्रुवारी लिहून कच्चं पत्र कार्यालयात ठेवलं. आमच्या लिपिक ताईंनी ते वाचलं आणि कॅलेंडर माझ्यासमोर ठेवलं. "बाई, त्या दिवशी माघी गणेश जयंती आहे. आमच्याकडे त्या चतुर्थीलाही चंद्र बघत नाहीत. माझ्या सासूबाई तर दारसुद्धा उघडणार नाहीत."

मी पंचांग न बघता फक्त चंद्राचा कोन बघितला होता. ज्यांना बोलवायचं, त्यांच्या घरातली संध्याकाळ कशी असते तेही बघायला हवं होतं. मंगळवारी ४ तारखेला रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी एकही आई आली नसती. बुधवारी ५ तारखेला अर्धा चंद्र मिळाला असता, पण दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. उरला रविवार, २ फेब्रुवारी, माघ शुद्ध पंचमी. चंद्राचा सुमारे पाचवा भाग उजळलेला आणि तो रात्री नऊनंतरही पश्चिमेला टिकणारा. शिपाईमामांना रविवारी यायचं होतं, तेव्हा सोमवारी त्यांना सुट्टी द्यायची एवढं मोठ्या बाईंकडून कबूल करून घेतलं आणि तारीख पक्की केली.

दुसरं वाक्य वेळेचं. नाशिक भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३५ मिनिटं उशिरा मावळतो. २ फेब्रुवारीचा सूर्यास्त साडेसहाच्या थोडा आधी येत होता आणि पूर्ण काळोख पावणेआठच्या आसपास. त्यामुळे "सायंकाळी ६ वाजता" हा शाळेच्या कार्यक्रमांचा नेहमीचा आकडा निरुपयोगी होता. उलट आठ वाजता बोलावलं असतं तर शनी गेला असता. तो त्या दिवशी पावणेनऊनंतर मावळणार होता, पण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, त्यामुळे मावळण्याआधी तासभर त्याचं चित्र पाण्याखालच्या नाण्यासारखं हलत राहतं. शनी दाखवायचा तर सात ते साडेसात, नाहीतर नाही.

शनीचा विषय निघालाच आहे तर माझी सर्वांत मोठी चूक सांगते. माझ्या आधीच्या विज्ञानाच्या सरांच्या फायलीत नोव्हेंबर २०१८ मधलं एक पत्र होतं. त्यात ठळक अक्षरांत होतं, "शनीची सुंदर कडी प्रत्यक्ष पहा!" मी ते वाक्य तसंच उचललं. मग १८ जानेवारीला घराच्या गच्चीवर शाळेची दुर्बीण लावून रंगीत तालीम केली. त्या दिवशी शुक्र आणि शनी हात लांब करून धरलेल्या बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर होते. शनी नजरेत घेतला आणि मला कडी दिसलीच नाहीत. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ, मण्यातून आरपार घातलेल्या सुईसारखी.

दुर्बीण बिघडली नव्हती. शनी सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत फिरतो आणि त्याची कडी कललेली आहेत. त्यामुळे ती आपल्याला कधी वरच्या बाजूने, कधी खालच्या बाजूने पसरलेली दिसतात आणि या दोन्हींच्या मध्ये, सरासरी पंधरा वर्षांनी, कडेवर उभी दिसतात. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास असला तरी जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच भरते, म्हणून कडेवरून पाहिलं की ती जवळजवळ नाहीशी होतात. आधी २००९ साली असं झालं होतं आणि आता २३ मार्च २०२५ ला होणार होतं. सरांच्या २०१८ च्या पत्रातलं वाक्य त्या वर्षी अगदी खरं होतं, तेव्हा कडी जवळजवळ पूर्ण उघडी होती. माझ्या पत्रात तेच वाक्य गेलं असतं तर शंभर माणसांना मी पुन्हा निराश केलं असतं.

त्याच तालमीत दुसरी गोष्ट कळली. आमची दुर्बीण सहा इंची परावर्तक आहे, डॉबसन पद्धतीच्या लाकडी बैठकीवर बसवलेली. ती वरखाली आणि आडवी फिरते. सव्वानऊच्या पुढे गुरू नेमका डोक्यावर आला आणि दुर्बीण त्याच्याकडे नेता येईना. नळी सरळ उभी झाली की आडवं फिरवून काहीच साधत नाही. ग्रह नजरेतून निसटला की त्याच्यामागे जायला पूर्ण बैठक गरागरा फिरवावी लागते. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे आणि गुरू तेव्हा वृषभेत, जवळजवळ तेवढ्याच अंशांवर उत्तरेला होता, म्हणून तो आपल्या माथ्यावरूनच जाणार. रोज आकाश चार मिनिटं आधी सरकतं, पंधरा दिवसांत एक तास. म्हणजे १८ जानेवारीचे साडेनऊ हे २ फेब्रुवारीचे साडेआठ. आणि माझ्या कच्च्या पत्रात शेवटच्या गटाला साडेआठला गुरू लिहिला होता! तो मी नऊनंतर ढकलला. मधल्या वेळात त्या गटाला मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवायचा ठरवला, तो तेव्हा सोयीच्या उंचीवर होता.

गट का करायचे, हे तिसऱ्या गणितातून आलं. एका माणसाला डोळा लावून, "कुठे? हं, दिसलं!" म्हणेपर्यंत सरासरी चाळीस सेकंद लागतात. घरच्या चारजणांवर मी ते मोजलं होतं. १२० माणसं एका रांगेत उभी केली तर एकच ग्रह दाखवायला ८० मिनिटं जातात. त्यात पृथ्वी फिरत असते. २५ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, ४८ पट मोठं दिसतं आणि साधारण एक अंश आकाश मावतं, त्यामुळे मध्यावर धरलेला ग्रह दोन मिनिटांत कडेला जातो. तीन माणसांमागे एकदा नेम लावावाच लागतो. तेव्हा ४० जणांचा एक गट, अर्धा तास एक वस्तू, असं धरलं. एका सहकारी सरांनी त्यांची ७० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आणायचं कबूल केलं. ती संध्याकाळभर फक्त चंद्रावर ठेवायची, म्हणजे चंद्र सगळ्यांना मिळेल.

२२ जानेवारीला जे पत्र गेलं, त्याचा मुख्य भाग असा होता :

"सप्रेम नमस्कार. रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५ रोजी इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन आहे. आजी-आजोबांनी अवश्य यावे, बसायला खुर्च्या आहेत.

पहिला गट सायं. ७ वाजता (शनी), दुसरा गट पावणेआठ वाजता (शुक्र), तिसरा गट साडेआठ वाजता (मृगातील तेजोमेघ व नंतर गुरू). चंद्र तिन्ही गटांना दिसेल. खालच्या चिठ्ठीवर गट व येणाऱ्यांची संख्या लिहून २८ तारखेपर्यंत पाठवावी.

काय दिसेल ते आधी सांगते. पुस्तकातील रंगीत चित्रे अवकाशयानांनी किंवा मोठ्या दुर्बिणींनी घेतलेली असतात. आपल्या दुर्बिणीतून शनी वाटाण्याएवढा वाटेल आणि यंदा त्याची कडी केवळ एका रेघेसारखी दिसतील. ती अशी सुमारे पंधरा वर्षांनी दिसतात. शुक्र चंद्रकोरीसारखा दिसेल. गुरूवर दोन फिकट पट्टे आणि शेजारी त्याचे मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतील. एखादा चंद्र गुरूच्या मागे किंवा पुढे असेल तर चारऐवजी तीनच दिसतील. तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसेल, रंग दिसणार नाहीत.

अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या एका उजेडाने ती वाया जातात. मैदानात मोबाईल बंद ठेवावा ही विनंती. वाट दाखवायला आम्ही लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या ठेवू.

सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बिणीला कोणीही हात लावू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास क्षणात दृष्टी जाऊ शकते.

ढग असतील तर त्या दिवशी दुपारी चारपर्यंत वर्गशिक्षकांकडून निरोप येईल."

मोठ्या बाईंना "काय दिसेल" हा परिच्छेद खटकला. "असं लिहिलंत तर कोण येईल?" त्यांचं म्हणणं मला समजत होतं. पण कोजागरीचा अनुभव मी सांगितला आणि त्यांनी तो परिच्छेद राहू दिला. फक्त "रंग दिसणार नाहीत" याचं कारण घाला म्हणाल्या. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, हे कारण पानात मावेना, म्हणून ते मैदानावर सांगायचं ठरलं. ४६ चिठ्ठ्या परत आल्या, माणसं ११८. पहिल्या गटाला सर्वांत कमी मागणी असेल असं मला वाटत होतं, पण ५२ जणांनी शनीच मागितला. काहीजणांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पंधरा वर्षांनी म्हणून." बारा घरांना फोन करून मी दुसऱ्या गटात यायला सांगितलं.

रविवारी साडेपाचला आम्ही दुर्बीण बाहेर काढून ठेवली, झाकण लावूनच. खोलीतल्या उबेतून आलेला आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला पाऊण-एक तास लागतो, नाहीतर नळीतच गरम हवा फिरते आणि ग्रह उकळल्यासारखा दिसतो. आमची शाळा गंगापूर रस्त्याच्या अंगाला आहे. पूर्वेला शहराचा उजेड आहे, पश्चिमेकडे त्र्यंबकच्या डोंगरांकडचं आकाश बऱ्यापैकी मोकळं आहे. सूर्य मावळल्यावर काही मिनिटांतच शुक्र दिसायला लागला आणि त्याच्या एका मुठीएवढा वर चंद्र.

शनी पहिल्या गटाने पाहिला. मला धाकधूक होती, पण पत्रात रेघ म्हटलं होतं म्हणून लोक रेघच शोधत होते आणि सापडली की खूश होत होते. एका बाबांनी रांगेतल्या मागच्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं, "सुईसारखी आहे बघा, दोन्हीकडे." माझ्याच मनातला शब्द त्यांच्या तोंडून आला.

दुसऱ्या गटाच्या वेळी गडबड झाली. पावणेआठला गाड्या येऊ लागल्या आणि फाटकातून वळताना प्रत्येक गाडीच्या दिव्यांचा झोत मैदानावरून फिरला. पहिल्या गटातली काही मंडळी खुर्च्यांवर बसून कृत्तिका मोजत होती. सहा दिसत होत्या, सातवी शोधत होती. झोत फिरला आणि दोनच उरल्या. गाड्या कुठे लावायच्या, हे पत्रात मी लिहिलंच नव्हतं. शिपाईमामा धावत फाटकावर गेले आणि पुढच्या गाड्या त्यांनी बाहेरच थांबवल्या. दुसरी अडचण क्रिकेटची. त्या संध्याकाळी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध शेवटचा टी-ट्वेंटी सामना होता आणि अभिषेक शर्मा १३५ धावा करत होता. सात वाजता सामना सुरू होणार हे मला वेळापत्रकात बघता आलं असतं. मोबाईल खिशातून निघतच होते. शेवटी नववीतल्या एका मुलाने उपाय काढला. तो आणि त्याचे काका फाटकाबाहेर जाऊन दर दहा मिनिटांनी धावसंख्या बघून येत आणि मैदानात तोंडी सांगत. मग मोबाईल बंद राहिले.

मृगातला तेजोमेघ काहींना पहिल्यांदा दिसेना. सरळ रोखून बघितलं तर मंद वस्तू दिसत नाही, कारण डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतात. "तेजोमेघाच्या जरा बाजूला बघा आणि लक्ष मात्र त्याच्याकडे ठेवा" असं सांगितलं की मग "हां, धूर!" असा आवाज येत होता. हे वाक्य पत्रात असतं तर प्रत्येकाला सांगण्यात गेलेली माझी वीस सेकंदं वाचली असती.

शुक्राच्या वेळी एक आजी डोळा लावून म्हणाल्या, "हा चंद्रच आहे, तुम्ही मघाशी दाखवलात तोच." त्या नळीच्या बाजूला येऊन दुर्बीण कुठे रोखली आहे ते बघून आल्या, चंद्र वर आहे याची खात्री केली आणि पुन्हा डोळा लावला. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधल्या बाजूला सरकत होता, त्याचा उजळलेला भाग निम्म्याहून कमी आपल्याकडे होता, म्हणून तोही कोर दिसत होता. गॅलिलिओने १६१० साली शुक्राच्या याच कला बघितल्या होत्या. शुक्र पृथ्वीभोवती फिरत असता तर त्या सगळ्या दिसल्या नसत्या, तो सूर्याभोवतीच फिरायला हवा. आजींना मी एका हातात लाल बॅटरी आणि दुसऱ्या हाताची मूठ धरून ते दाखवलं. त्या लिपिक ताईंच्या सासूबाई होत्या. चतुर्थीला दार न उघडणाऱ्या.

नंतर त्या छोट्या दुर्बिणीकडे गेल्या. चंद्राच्या उजळ कोरीला लागून उरलेला गोल निळसर राखाडी दिसत होता. लँग्रेनस विवराची कड आणि मधला डोंगर दाखवायला मी उत्सुक होते. त्यांनी तो काळा भाग आधी विचारला. "तिथे ऊन नाही, तर मग दिसतंय कसं?"

"आपल्या पृथ्वीचा उजेड पडलाय तिथे, आजी. आपल्याकडून चंद्र एवढासा दिसतोय ना, तेव्हा तिथून बघणाऱ्याला पृथ्वी जवळजवळ भरलेली दिसते. पाचातले चार भाग."

"म्हणजे त्यांच्याकडे नुकतीच पौर्णिमा होऊन गेलीय."

मी हो म्हटलं. त्यांनी नातवाला हाक मारली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून आयपीसजवळ नेलं आणि काळ्या भागाकडे बघ म्हणाल्या. मागे तेरा माणसं रांगेत उभी होती. नऊ वाजून गेले होते आणि गुरू माथ्यावरून कलला होता, म्हणून मी मोठी दुर्बीण फिरवायला गेले.